विधवेचा तिसरा हिस्सा

वसईतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचं उदाहरण घेऊ. घरचे बाबा मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, म्हातारी आई, एक मुलगा, सासरी गेलेली मुलगी आणि आधीच निवर्तलेल्या थोरल्या मुलाची बायको व दोन मुलं आहेत. मालमत्ता छत्तीस लाखांची. लोक बहुधा हिंदू वारसा कायदा मनात ठेवून हिशेब मांडतात आणि तिथेच फसतात. ख्रिस्ती माणसाला लागू होतो तो 1925 चा भारतीय वारसा कायदा.

त्यात मुलंबाळं असली तर विधवेला एक तृतीयांश मिळतं, म्हणजे इथे बारा लाख. हा हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा असतो. हयातीपुरता नव्हे, ती तो विकूही शकते. उरलेल्या चोवीस लाखांचे तीन भाग पडतात, कारण थोरला मुलगा नसला तरी त्याची मुलं त्याच्या जागी उभी राहतात. मुलाला आठ लाख, मुलीला आठ लाख आणि दोन नातवंडांना प्रत्येकी चार. ‘तिच्या लग्नात खर्च केला’ किंवा ‘त्याला गाळा घेऊन दिला’ म्हणून वडिलांनी हयातीत दिलेलं हिश्शातून वजा होत नाही. मुलगी स्वखुशीने हिस्सा सोडणार असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावं.

घर नवराबायको दोघांच्या नावावर आणि निम्मं-निम्मं असेल, तर पत्नीचा अर्धा भाग वाटणीत येतच नाही. बाबांचा अर्धाच वाटायचा. सातबारावर सगळ्या वारसांची नावं चढली, तरी त्या नोंदीने हिस्से ठरत नाहीत. बँकेतला नॉमिनीसुद्धा मालक नसतो, तो फक्त पैसे ताब्यात घेणारा.

मुलगे आणि मुली सर्वत्र पूर्वीपासून समान होते असं नाही. त्रावणकोरमध्ये 1916 चा कायदा मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी तेच देई. मेरी रॉय यांच्या खटल्यात 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने तिथेही 1925 चाच कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. गोव्यातलं गणित मात्र आजही वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज परंपरेतून आलेला वेगळा कायदा चालतो.

आता आपल्या उदाहरणातल्या दोघी. मुलंबाळं मागे असली की मृताच्या आईला काहीच मिळत नाही, आणि थोरल्या सुनेलाही नाही. तिच्या मुलांना मिळतं तेवढंच. मला हा कायद्याचा कठोरपणा वाटतो. त्यांची सोय करायची तर मृत्युपत्राला पर्याय नाही. त्यावर दोन साक्षीदार लागतात. मात्र ज्याला काही ठेवायचं, त्याची किंवा त्याच्या जोडीदाराची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. घेतलीत तर त्याला दिलेलं तेवढं देणं रद्द ठरतं.