कठड्याची चिठ्ठी

इंदूरच्या सुदामा नगरातलं एक दुमजली घर डोळ्यांसमोर आणा. जिन्यावर ग्रॅनाइट बसलंय, भिंतींचा पहिला हात झालाय आणि उद्या सकाळी वेल्डर कठडा बसवायला येणार आहे. सुपरवायझर मात्र उद्या दुसऱ्या साइटवर असेल. म्हणून आज संध्याकाळी तो एक चिठ्ठी लिहितो: "रेलिंग उंची १०००, गजांत १२५ अंतर, खांब तीन." तिन्ही आकडे बरोबर आहेत, तरीही ही चिठ्ठी वाचून कठडा तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी चुकू शकतो. चूक आकड्यात नाही. माप कुठून घ्यायचं आणि कशानंतर काय करायचं, हे चिठ्ठीत लिहिलेलं नाही.

आपल्या जिन्याची मापं सोपी आहेत. प्रत्येक पायरीचा चढ १६५ मिमी आणि पाऊल ठेवायची रुंदी २५० मिमी. एका टप्प्यात नऊ चढ, म्हणजे आठ पायऱ्या आणि वर चौक. जिन्याचा स्लॅब ११५० मिमी रुंद आहे. खांब ४० मिमीचे चौकोनी पाइप, हाताचा पाइप दीड इंची म्हणजे बाहेरून ४८ मिमी, गज १६ मिमी चौकोनी आणि गजांच्या खाली ४० बाय ६ ची आडवी झोपवलेली पट्टी.

हजार, पण कुठून?

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत हाताच्या पाइपची उंची १००० मिमी दिली आहे आणि ती पायरीच्या मध्यापासून पाइपच्या माथ्यापर्यंत मोजायची आहे. वेल्डरच्या हाताला मात्र टेप पायरीच्या धारेवर टेकवायची सवय असते, कारण धार पक्की असते आणि टेपची पट्टी तिथे नीट बसते.

आठही पायऱ्यांच्या धारांवरून एक सरळ रेघ ओढली, तर पायरीच्या मध्यावर ती रेघ पायरीपासून अर्ध्या चढाइतकी वर असते. आपल्या जिन्यात हे अंतर साडेब्याऐंशी मिमी आहे. धारेपासून १००० मोजलं, तर पाइप मध्यापासून जवळजवळ १०८२ वर जाईल. घरातल्या आजींना तो सव्वातीन इंच जास्त उंच पडेल आणि त्यावर हाताचा भार टाकता येणार नाही. म्हणून चिठ्ठीत दोन्ही मापं द्यावीत: मध्यापासून १०००, किंवा धारेपासून सरळ वर ९१८. वेल्डर एक माप लावेल आणि दुसऱ्याने ते तपासेल.

खांबाच्या कापणीतही असाच एक फसवा आकडा आहे. ४८ चा पाइप उतारावर तिरका असतो, त्यामुळे ओळंब्यात मोजला की तो ५८ मिमी जागा खातो. १००० मधून हे ५८ आणि बेसप्लेटचे ८ वजा केले की खांब ९३४ मिमीचा येतो. पण सगळे खांब आधीच ९३४ ला कापून आणायचे नाहीत. ग्रॅनाइट बसवताना एखादी पायरी चारपाच मिमी वर-खाली होतेच आणि एकाच मापाचे खांब लावले की तो फरक पाइपच्या रेषेत लाटेसारखा दिसतो. खांब ९५० चे आणावेत आणि दोरी धरून जागेवर कापावेत.

सूत आणि मिलिमीटर

सियागंजच्या दुकानात आणि वेल्डरच्या तोंडात माप इंच-सुतात चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिमी. एका मापापुरतं हे भाषांतर उत्तम चालतं: १००० मिमी म्हणजे ३९ इंच ३ सूत, अगदी नेमकं. घोटाळा होतो तो एकच माप पुन्हा पुन्हा लावताना.

गज १२५ मिमीवर हवेत. वेल्डर त्याचं ४ इंच ७ सूत करतो. ते १२३.८ मिमी होतात, म्हणजे दर घराला जवळजवळ १.२ मिमी कमी. पहिल्या पायरीच्या मध्यापासून आठव्या पायरीच्या मध्यापर्यंत अशी चौदा घरं आहेत, तेव्हा शेवटी सुमारे साडेसोळा मिमीची फट वाढते. शेवटच्या खांबाजवळ दोन गजांतली जागा वेगळी दिसली, तर समजावं की माप एकापुढे एक जोडत नेलंय. यावर उपाय असा की गजाची खूण मागच्या गजापासून न घेता पायरीपासून घ्यायची. एक गज पायरीच्या मध्यावर आणि एक बरोबर धारेच्या रेषेत. मग चूक झालीच तर ती त्या पायरीपुरती राहते.

दुसरी गल्लत उताराची. १२५ हे माप आडवं आहे. ३३ अंशांच्या या उतारावर तेच अंतर पाइपवर १५० मिमी भरतं. वेल्डरने पाइपवर टेप ठेवून १२५ मारले, तर गज दाट होतील आणि माल कमी पडेल. मोकळी जागा आडवीच मोजावी. गजाचे १६ वजा जाता ती १०९ मिमी राहते. अमेरिकेतल्या घरांच्या नियमात जिन्याच्या गजांमधून १११ मिमीचा चेंडू जाता कामा नये असं आहे आणि आपली जागा त्यात बसते.

गजांच्या खाली जो त्रिकोण राहतो, तो कुणी मोजत नाही. पायरी, चढ आणि खालची पट्टी यांच्यातल्या या कोपऱ्यात रांगतं मूल डोकं घालू शकतं. पट्टीची खालची बाजू धारेपासून सरळ ४० मिमी वर ठेवली, तर त्या त्रिकोणात जास्तीत जास्त १४३ मिमीचा चेंडू मावतो. तीच ७५ वर गेली, तर १६८ चा चेंडू निघून जातो. अमेरिकी नियमात या त्रिकोणाची मर्यादा सहा इंच, म्हणजे साधारण १५२ मिमी आहे. म्हणून चिठ्ठीत "पट्टी खाली" असं न लिहिता "धारेपासून ४०" असं लिहावं.

क्रम का पाळायचा

कठड्याची ताकद पायाशी ठरते. हाताच्या पाइपवर कुणी ५० किलोचा जोर बाहेरच्या दिशेने लावला, तर बेसप्लेटच्या आतल्या बाजूच्या दोन फास्टनरना मिळून सुमारे सहाशे किलोची ओढ सोसावी लागते. जोर हजार मिमीवर लागतो आणि फास्टनरना उलट धरायला प्लेटवर जेमतेम पंचाऐंशी मिमी मिळतात, म्हणून ही ओढ इतकी वाढते. ग्रॅनाइट आणि त्याखालचा मसाला यांच्यात ती ओढ सोसायची ताकद नसते. दगडाचे १८, मसाल्याचे २५ आणि प्लेटचे ८ सोडून फास्टनर निदान ६० मिमी काँक्रीटमध्ये जायला हवा. वॉशर-नट धरून त्याची लांबी सव्वाशेच्या आसपास येते. ७५ मिमीचा फास्टनर लावला तर आज तो घट्ट वाटतो आणि काही महिन्यांत खांब हलू लागतो.

भोक पाडण्याआधी दगडावर हातोडीने हलके ठोकून बघावं. आवाज पोकळ आला तर खाली मसाला नाही, आणि नट आवळताच दगड तडकेल. तिथे थांबून आधी ग्राउट भरावा. दगडातलं भोक हातोडा बंद ठेवून पाडायचं, हातोडा काँक्रीट लागल्यावरच सुरू करायचा. खांब आणि बेसप्लेटचं वेल्डिंग खाली अंगणात करून घ्यावं, कारण ग्रॅनाइटवर ज्योत आली की त्याचे पापुद्रे उडतात.

मग खांबांचा क्रम. आधी पहिला आणि आठवा उभा करायचा, दोन्हींवर ९४२ ची, म्हणजे पाइपच्या खालच्या बाजूची, खूण करून दोरी ताणायची आणि प्रत्येक पायरीच्या मध्यावर उंची बघायची. कुठे ९३६ भरली तर दोरी सहा मिमी वर घ्यायची, कारण पाइपचा माथा कुठेही १००० पेक्षा कमी चालणार नाही. त्यानंतरच चौथ्या पायरीवरचा खांब दोरीला लावून कापायचा.

शेवटी उष्णतेचा प्रश्न. वेल्ड थंड होताना आकसतो आणि लोखंडाला आपल्या बाजूला ओढतो. गज एका टोकापासून पक्के करत गेलं, तर पातळ पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि ४० ची जागा कुठे ३० तर कुठे ५० होते. सगळे गज आधी टाक्यावर धरावेत, मापं पुन्हा घ्यावीत आणि मग एकाआड एक, मधून टोकांकडे जात पक्के करावेत. टाका ग्राइंडरने मिनिटात उडवता येतो. पक्का वेल्ड तोडताना पाइपही जातो.

चिठ्ठी

आता तीच चिठ्ठी पुन्हा लिहू.

१. सर्व मापं मिलिमीटरमध्ये आणि तयार ग्रॅनाइटपासून. इंच-सुतात बदलू नये.

२. खांब पायरी १, ४ आणि ८ च्या मध्यावर. खांबाचा मध्य स्लॅबच्या मोकळ्या कडेपासून ११० आत. बेसप्लेट १०० x १०० x ८, चार भोकं, मध्यांत ७० अंतर. प्लेटचं वेल्डिंग खाली करून आणावं.

३. दगड ठोकून बघावा. पोकळ आवाज आला तर भोक पाडू नये, फोन करावा.

४. फास्टनर दहा मिमीचे, १२० ते १३० लांब. काँक्रीटमध्ये निदान ६०.

५. आधी खांब १ आणि ८, दोन्ही बाजूंनी ओळंब्यात. दोरी पायरीच्या मध्यापासून ९४२ वर ताणावी. पाइपचा माथा पायरीच्या मध्यापासून १००० (धारेपासून ९१८). कुठेही कमी नको.

६. खांब ४ दोरीला लावून कापावा. मग हाताचा पाइप फक्त टाक्यावर. इथे थांबावं, फोटो पाठवावा.

७. पट्टीची खालची बाजू धारेपासून सरळ ४० वर, टाक्यावर.

८. गज १२: खांब १ ते ४ मध्ये पाच, ४ ते ८ मध्ये सात. एक पायरीच्या मध्यावर, एक धारेच्या रेषेत. लांबी सुमारे ८१३. आधी एक कापून जागेवर बघावा, मग बाकीचे.

९. मापं पुन्हा घ्यावीत, मग एकाआड एक पक्कं वेल्डिंग. ग्रॅनाइटवर ओलं बारदान. अर्थिंगचा चिमटा कठड्यालाच.

१०. घिसाई, त्याच दिवशी रेड ऑक्साइड.

खाली दोन कोरे रकाने ठेवावेत: "सांगितलेलं माप" आणि "भरलेलं माप". दुसऱ्या रकान्यात आठही पायऱ्यांवरची उंची वेल्डरने स्वतः लिहावी. चिठ्ठीसोबत प्लायवूडच्या दोन गोल चकत्या द्याव्यात, एक १११ मिमीची गजांसाठी आणि एक १५० ची त्रिकोणासाठी. वेल्डर पक्क्या वेल्डिंगआधी आणि सुपरवायझर संध्याकाळी परत आला की टेप काढायच्या आधी या चकत्या प्रत्येक फटीत घालून बघेल. जिथे चकती आरपार जाईल, तिथे काम बाकी आहे, आणि गज टाक्यावर असतानाच हे बघितलं तर ते पंधरा मिनिटांत दुरुस्त होतं.