बॅट पोटात, पॉवर बँक हातात

शाळेच्या संघाबरोबर विमानाने निघालेल्या मुलाच्या खांद्यावरून सुरक्षा तपासणीत बॅट उतरवली जाते, तेव्हा आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘बॅटनं काय होणार आहे?’ बॅटनं मारता येतं, एवढंच त्याचं उत्तर. क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फची काठी या वस्तू भारतात केबिनमध्ये नेता येत नाहीत. चेक-इन सामानात, म्हणजे विमानाच्या पोटात, त्या खुशाल जातात, कारण तिथे प्रवाशाचा हात पोचत नाही. सुरी, कटर, सुटी ब्लेड यांनाही हाच न्याय.

लायटरचं गणित मात्र वेगळं आहे. त्याची भीती आगीची, आणि आग सामानाच्या कप्प्यात लागली तर विझवायला तिथे माणूस नसतो. म्हणून भारतात लायटर आणि काडेपेटी हातातल्या पिशवीत चालत नाही आणि चेक-इन बॅगेतही चालत नाही. पॉवर बँक याच कारणाने उलट्या बाजूला जाते. तिच्यातली लिथियमची बॅटरी पेटू शकते, तेव्हा ती केबिनमध्येच हवी. धूर दिसला तर कर्मचारी निदान धावून तरी येतील. वस्तू धोकादायक आहे का, एवढंच विचारून भागत नाही. धोका माराचा की आगीचा, हे कळलं की निम्मी यादी आपोआप समजते.

उरलेली निम्मी यादी अनुभवातून आणि भांडणांतून घडली आहे. अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 पूर्वी चार इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात नेता येत असे. त्या दिवसानंतर तिथे सगळे चाकू बंद झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात रिचर्ड रीड हा प्रवासी बुटात दडवलेली स्फोटकं काडीने पेटवू पाहत होता. त्याचा धसका घेऊन 2005च्या एप्रिलमध्ये लायटरवर बंदी आली. पुढे काय झालं, तर तपासणीच्या टेबलांवर लायटरचे ढीग साचू लागले: दिवसाला सुमारे 22 हजार. ते गोळा करण्यात गुंतलेली नजर खऱ्या स्फोटकांवरून उडते, असं सुरक्षा यंत्रणेलाच वाटू लागलं आणि 2007च्या ऑगस्टमध्ये साध्या लायटरवरची बंदी उठली. भारताने ती सूट दिली नाही. त्यामुळे परदेशातून लायटर घेऊन आलेला प्रवासी मुंबईहून पुढचं विमान पकडताना हमखास अडतो.

चाकूंच्या बाबतीत असाच प्रयत्न फसला. 2013च्या मार्चमध्ये अमेरिकी यंत्रणेने सहा सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याचे छोटे चाकू, बिलियर्डची काठी, हॉकी स्टिक आणि दोन गोल्फच्या काठ्या यांना परवानगी जाहीर केली. कॉकपिटचं दार आता भक्कम झालंय, लहान चाकूने विमान पाडता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण हवाई सुंदरी आणि त्यांचे सहकारी खवळले. ते दाराच्या अलीकडे असतात. दारू चढलेल्या प्रवाशाने चाकू काढला तर वार त्यांच्यावर होणार. जूनमध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. गंमत अशी, की लहान कात्रीला मात्र 2005च्या अखेरीपासून तिथे मुभा आहे.

आपल्याकडच्या यादीत एक खास देशी वस्तू आहे: खोबरं. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि साठवलेल्या स्थितीत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची नोंद स्वतः पेटणाऱ्या पदार्थांत होते आणि भारतातल्या विमान कंपन्या ते चेक-इन सामानातही नाकारतात. गावाहून निघताना बांधून दिलेल्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवलेल्या बऱ्या.

अख्खा नारळही एरवी केबिनमध्ये चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंच्या डोक्यावरच्या इरुमुडीत मात्र तुपाने भरलेला नारळ असतोच. 2024च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने त्यांना 20 जानेवारी 2025पर्यंत सवलत दिली, तीही एक्स-रे, स्फोटकांचा माग काढणारं यंत्र आणि हाताने झडती अशा तिन्ही तपासण्यांच्या अटीवर. शीख प्रवाशांना देशांतर्गत विमानांत सहा इंच पात्याचं, एकूण नऊ इंचांपर्यंतचं कृपाण बाळगता येतं. श्रद्धेला जागा दिली जाते, पण मोजपट्टी लावून.

बंदीची वस्तू तपासणीत सापडलीच, तर जवानाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. वेळ असेल तर परत जाऊन ती चेक-इन सामानात टाकता येते का, हे विमान कंपनीच्या काउंटरवर विचारावं, किंवा सोडायला आलेल्या माणसाच्या हाती द्यावी. लायटरला पहिला पर्यायही नाही. तेव्हा निघण्याआधी खिसे आणि पाउचचे छोटे कप्पे एकदा उलटे करून पाहा.