पाच रुपयांच्या पाकिटातला नफा कोण खातं?

आज पाकीटबंद खाऊच्या धंद्याबद्दल बोलूया. चिवडा, शेव, फरसाण, वेफर्स करायचे आणि पाकिटात भरून दुकानात ठेवायचे, असा विचार बऱ्याच गटांच्या बैठकीत निघतो. गावातल्या प्रत्येक दुकानाच्या दारावर पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात, पोरं रोज घेतात, म्हणजे खप आहे हे तर दिसतंच. पण खप असणं वेगळं आणि त्यातून आपल्या हाती पैसा उरणं वेगळं.

हा फरक ओळखायची एक रीत मायकेल पोर्टर नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी १९७९ साली मांडली. ते हार्वर्ड विद्यापीठात शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं, की कुठल्याही धंद्यातल्या नफ्याला पाच बाजूंनी ओढ लागते. धंद्यात आधीपासून असलेले ओढतात, नव्याने येणारे ओढतात, आपला माल घेणारे ओढतात, आपल्याला कच्चा माल देणारे ओढतात आणि आपल्या मालाऐवजी दुसरंच काही घेता येत असेल तर तेही ओढतं. पाची बाजूंची ओढ जोरात असेल, तर बाजार कितीही मोठा असो, नव्या माणसाच्या हाती फार काही उरत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, दहा जणींच्या गटाने ठरवलं की भाजक्या पोह्यांचा चिवडा करायचा आणि पाच रुपयांच्या पाकिटात तालुक्यातल्या दुकानांना द्यायचा. पाकीट भरायच्या आणि सील करायच्या यंत्रासाठी दीड लाखाचं कर्ज काढायचं. कर्ज गटाच्या नावावर, म्हणजे दहाही जणींच्या डोक्यावर. अर्ज भरण्याआधी या पाच बाजू तपासून पाहू.

पहिली बाजू, आधीपासून असलेल्यांची चढाओढ. दुकानावरच्या माळा नीट वाचा. हल्दीराम आहे, राजकोटची बालाजी आहे, कुरकुरे आणि लेज विकणारी पेप्सिको आहे, शिवाय जवळच्या शहरातले दोन-चार स्थानिक कारखाने. सगळ्यांची किंमत तीच, पाच रुपये किंवा दहा रुपये. किंमत बांधलेली असली की चढाओढ वजनात होते. तेल महागलं की कंपनी किंमत वाढवत नाही, पाकिटातले दोन ग्रॅम कमी करते. स्वस्त झालं की वजन वाढवते आणि पाकिटावर 'जादा' असं छापते. लाखो पाकिटं विकणाऱ्याला एका पाकिटामागे दहा पैसे सुटले तरी चालतं. आपल्याला चालत नाही. ही ओढ भारी.

दुसरी बाजू, नव्याने येणारे. इथे जरा नीट पाहावं लागतं, कारण या धंद्याला दारं दोन आहेत. एक दार माल करण्याचं. ते सताड उघडं आहे. कढई, शेगडी, वजनकाटा, सीलिंगचं यंत्र आणि अन्नसुरक्षेची नोंदणी एवढ्यावर काम सुरू होतं. आपल्याला ते सोपं वाटतं, पण आपल्यामागून शेजारच्या गावचा गटही तितक्याच सहज येतो. आपला चिवडा चालला असं दिसलं, की चार महिन्यांत तसाच दुसरा बाजारात येईल.

दुसरं दार दुकानाच्या माळेपर्यंत पोचण्याचं. ते फार अरुंद आहे. आयटीसी कंपनीने २००७ साली 'बिंगो' नावाने वेफर्स आणले तेव्हा समोर लेज आणि कुरकुरे पाय रोवून उभे होते. तरी बिंगोला जागा मिळाली, कारण त्या कंपनीची सिगारेट आणि बिस्किटं आधीपासून पानटपरीपासून किराणा दुकानापर्यंत पोचत होती. माल नवा होता, पण वाट जुनी होती. आपल्याकडे अशी तयार वाट नसते. म्हणजे जे दार आपल्याला अडवतं तेच नेमकं बंद, आणि जे दार दुसऱ्यांना अडवायला हवं ते उघडं.

तिसरी बाजू, आपला माल घेणारे. गिऱ्हाईक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खाणारं पोर येतं. पण आपल्याला पैसे देणारा पहिला माणूस दुकानदार असतो. त्याच्याकडे जागा थोडी आणि पाकिटं आणून देणारे पुष्कळ, म्हणून तो अटी घालतो. कमिशन जास्त द्या, पैसे माल विकल्यावर नेा म्हणण्याऐवजी तो सरळ सांगतो, 'ताई, ठेवून जा, खपलं की बघू.' आणि न खपलेलं किंवा सादळलेलं पाकीट परत घ्यायला लावतो.

इथेच हिशोब करून पाहू. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. एक किलो चिवड्याला पोहे, शेंगदाणे, डाळं, तेल, मसाला आणि गॅस मिळून १५० रुपये, आणि बायकांची मजुरी ३० रुपये धरू. झाले १८० रुपये. २० ग्रॅमच्या पाकिटात ३ रुपये ६० पैशांचा चिवडा बसतो. पाकिटाचे ४० पैसे मिळवले की झाले ४ रुपये. दुकानदार पाच रुपयांतला एक रुपया ठेवतो आणि आपल्याला ४ रुपये देतो. हाती उरलं शून्य. गाडीभाडं, परत आलेली पाकिटं आणि कर्जाचा हप्ता यांतून द्यायचे कुठून? वजन १५ ग्रॅम करावं तर शेजारी लटकलेल्या कंपनीच्या पाकिटापुढे आपलं रिकामं दिसतं.

चौथी बाजू, कच्चा माल देणारे. पोहे, डाळं, शेंगदाणे देणारे व्यापारी बाजारात पुष्कळ असतात, त्यामुळे तिथे कोणी एकटा आपल्याला अडवू शकत नाही. खरी ओढ दोन ठिकाणी आहे. एक तेल. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आयात तेलावरचं शुल्क वाढवलं, तेव्हा गावातल्या पंधरा किलोच्या डब्याचाही भाव चढला. कंपनी टँकरने तेल घेते आणि पुढच्या काही महिन्यांचा भाव बांधून ठेवू शकते. आपण डब्याने घेतो, त्या दिवशीच्या भावाने.

दुसरी जागा पाकिटाची. छापील पाकिटासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनवावा लागतो, आणि छापणारा थोड्या मालाची ऑर्डर घेत नाही. म्हणून छोटे गट साधी पिशवी घेऊन वर लेबल चिकटवतात. त्यातही पातळ साध्या प्लॅस्टिकमधून हवा आणि ओल आत शिरते. चिवडा सादळतो आणि पुढे तेलाला खवट वास येतो. कंपन्या अनेक थरांची पिशवी वापरतात आणि सील करताना आत नायट्रोजन वायू भरतात, त्यामुळे त्यांचा माल महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतो. आपली पिशवी किती दिवस टिकते हे सोप्या रीतीने कळतं. भरलेली दहा पाकिटं शेल्फवर ठेवा आणि दर चार दिवसांनी एक फोडून वास घ्या, खाऊन पाहा. ज्या दिवशी पोहा चामट लागला, त्याच्या बऱ्याच आधीची तारीख लेबलवर टाकायची. पावसाळ्यात ही परीक्षा पुन्हा करायची.

पाचवी बाजू, पर्याय. पाच-दहा रुपये हातात असलेलं पोर बिस्किटाचा पुडा घेऊ शकतं, शेंगदाणे घेऊ शकतं, नाहीतर आणखी थोडे घालून वडापाव खाऊ शकतं. शिवाय गावात चिवडा घरोघरी होतो. पर्याय इतके हाताशी असले, की आपण एक रुपया वाढवला तरी गिऱ्हाईक सहज वळतं.

म्हणजे पाचपैकी चार बाजू भारी आणि कच्च्या मालाची मध्यम. या बाजारासाठी दीड लाखाचं कर्ज काढू नये, असंच उत्तर निघतं. इथे एक जपायचं. पाची बाजूंना गुण देऊन सरासरी काढायची नाही. एकटी दुकानदाराची बाजूसुद्धा सगळा नफा ओढून नेऊ शकते, आपल्या हिशोबात ती तशीच नेते आहे.

पण मैत्रिणींनो, हे उत्तर 'पाच रुपयांचं पाकीट, तालुक्यातली दुकानं' या बाजाराचं आहे. चिवड्याच्या सगळ्या धंद्याचं नाही. बाजाराचा तुकडा बदलला की तेच पाच प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. समजा, त्याच गटाने २०० ग्रॅमचं पाकीट ६० रुपयांना काढलं, जवळच्या शहरातल्या नोकरदार घरांसाठी. चिवड्याचे ३६ रुपये, चांगल्या जाड पिशवीचे आणि लेबलचे ४ रुपये, म्हणजे खर्च ४० रुपये. दुकानदाराने १२ रुपये ठेवले तर आपल्याला ४८ मिळतात, एका पाकिटामागे ८ उरतात. वीस पाकिटांमागे १६० रुपये झाले. त्यातलं एक पाकीट परत आलं, तर ४८ रुपये गेले आणि उरले ११२. एका पाकिटाने तीस टक्के नफा नेला. म्हणून परताव्याची अट आधी बोलून घ्यायची. हेच पाकीट सोसायटीत, कार्यालयात किंवा दिवाळीच्या आगाऊ मागणीवर थेट दिलं, तर २० रुपये उरतात, परतावा जवळजवळ नसतो आणि दुकानदाराची ओढच निघून जाते. मात्र फिरण्याचा वेळ आणि भाडं त्यातून वजा करायचं. दिवाळीत शहरातल्या बाईला घरी करायला सवड नसते, तेव्हा घरच्या चिवड्याचा पर्यायही हलका होतो. नव्याने येणारे मात्र इथेही येतातच, आणि दिवाळी वर्षातून एकदाच असते.

या रीतीची एक मर्यादाही लक्षात ठेवा. ती बाजार कसा आहे ते सांगते, तुमचा हात कसा आहे ते सांगत नाही. आणि ते चित्र आजचं असतं. तेलाचा भाव किंवा नवी कंपनी आली की वर्षभरात बदलतं.

कर्जाचा अर्ज भरण्याआधी दोघी-दोघींनी मिळून दहा दुकानं फिरा. प्रत्येक दुकानदाराला चार गोष्टी विचारा: कुठली पाकिटं जास्त जातात, माल आणून देणारा किती दिवसांनी येतो, तुम्हाला शंभर रुपयांमागे किती सुटतात, आणि न खपलेला माल कोण परत नेतो. उत्तरं वहीत लिहा. मग गटाच्या बैठकीत फळ्यावर पाच बाजू लिहून प्रत्येकीपुढे हलकी, मध्यम की भारी ते मांडा, आणि त्याशेजारी एका पाकिटाचा हिशोब घाला. शेवटच्या ओळीत हप्ता फिटेल इतके पैसे दिसले, तरच सह्या करा.