शाळेचे ध्येयवाक्य कसे लिहावे?

‘सर्वांगीण विकास’ हे शब्द कोणत्याही शाळेच्या फलकावर शोभतात, म्हणूनच त्यातून एकाही शाळेला दिशा मिळत नाही. मसुद्याआधी मुख्याध्यापकांनी प्रत्येक शिक्षकाकडून एकच उत्तर लेखी घ्यावे: इथून बाहेर पडणाऱ्या मुलाला नक्की काय यायला हवे? तोंडी चर्चेत ज्येष्ठांचेच मत चालते, नवे शिक्षक गप्प राहतात. समजा, बहुतेक चिठ्ठ्यांत वाचन आले. मग दृष्टी ठरते, ‘इथले प्रत्येक मूल समजून वाचेल’. आणि कार्य, ‘रोज अर्धा तास वाचनाचा’. वर्षाचे उद्दिष्ट असे, की मार्चअखेर तिसरीतले प्रत्येक मूल अनोळखी उतारा वाचून त्यावरची उत्तरे देईल. जूनमध्येच चाचणी घेतली नाही, तर प्रगती मोजता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा विकास आराखडा व्यवस्थापन समिती तयार करते. हे उद्दिष्ट त्यातच नोंदवावे.