दोन दाढांमधली काळी खूण

गेल्या वर्षी एका दवाखान्यात मला सांगितलं गेलं, की खालच्या दोन दाढांत कीड आहे, दोन्ही कोरून भराव्या लागतील. दुखत तर काहीच नव्हतं. एक्स-रे घेऊन मी भाचीकडे गेलो. ती दातांची डॉक्टर. म्हणाली, "मामू, हा तुम्हीच वाचा. मी बोट ठेवते."

या एक्स-रेला बाइटविंग म्हणतात. पट्टीचं टोक दातांत धरून तो काढतात. त्यात वरच्या-खालच्या दाढा आणि त्यांच्यामधल्या हाडाची कड एकत्र दिसते. किरण जिथं अडतात तिथं पांढरं, पार होतात तिथं काळं. म्हणून दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, सर्वांत पांढरं, आतलं डेंटिन राखाडी आणि नसेची पोकळी काळी.

भाचीनं आधी पाहिलं, की शेजारच्या दातांच्या कडा एकमेकींवर चढल्या आहेत का. किरण तिरपे गेले, तर त्या चढतात आणि कीड त्या पांढऱ्या पट्ट्यात लपते. तसा एक्स-रे पुन्हाच काढावा लागतो. माझा ठीक होता.

पहिली खूण दोन दाढा टेकतात त्या जागेच्या जरा हिरडीकडे होती. छोटा काळा त्रिकोण, बाहेर रुंद, आत टोकदार. ही कीड खरी. पण टोक इनॅमलमध्येच थांबलं होतं. "अजून कोरायचं नाही," ती म्हणाली. फ्लोराइड लावायचं, रोज दातांमधून दोरा फिरवायचा, वर्षानं पुन्हा एक्स-रे. मात्र बरंच खनिज गेल्याशिवाय कीड चित्रात उमटत नाही. प्रत्यक्षात ती दिसते त्याहून खोल असते.

दुसरी खूण दाताच्या मानेपाशी, इनॅमल संपतं आणि हाड सुरू होतं त्यांच्या मध्ये. तिथं दात निमुळता असल्यानं किरण जास्त पार होतात आणि पुसट काळपट सावली पडते. भाचीनं कोन जरा बदलून एक्स-रे काढला, सावली गेली! हिरडी खाली सरकलेल्या माझ्या वयाच्या माणसाला तिथं मुळाची खरी कीडही लागते, म्हणून तिनं सळईनं चाचपलं. जागा टणक, गुळगुळीत. ती दाढ वाचली.

मग तिचं बोट हाडावर आलं. इनॅमल संपतं तिथून हाडाची कड साधारण 1 ते 2 मिलिमीटरवर हवी. माझ्या शेवटच्या दोन दाढांमध्ये ती 3 वर होती. गालाकडचं आणि जिभेकडचं हाड दाताआड झाकलेलं राहतं, म्हणून तिनं हिरडीची खोलीही मोजली. पण हाड आताही झिजतंय, की जुनीच झीज आहे, हे एका एक्स-रेवरून कळत नाही.

घरी कपाटात सहा वर्षांपूर्वीचा एक्स-रे सापडला. त्यातही अंतर 3 मिलिमीटरच होतं.