२१ दिवस की १३२? रिक्रूटरच्या रेझ्युमेतला हिशेब

दिवसभर दुसऱ्यांचे रेझ्युमे चाळणाऱ्या रिक्रूटरवर स्वतःचा रेझ्युमे लिहायची वेळ आली की गंमत होते. ‘काय काम केलंत ते आकड्यांत लिहा’ असं उमेदवारांना बजावणारी हीच मंडळी स्वतःबद्दल मात्र ‘भरतीची संपूर्ण प्रक्रिया सांभाळली, हायरिंग मॅनेजरांशी उत्तम समन्वय ठेवला’ असं लिहून मोकळी होतात. आकडे घातलेच तर ते असे: ‘५० पदं क्लोज केली, सरासरी २१ दिवसांत, ऑफर स्वीकारण्याचं प्रमाण ८६ टक्के.’ ऐकायला झकास! अडचण एवढीच, की हा रेझ्युमे वाचणारा भरती विभागाचा प्रमुख बहुधा याच कामातून वर आलेला असतो आणि या तिन्ही आकड्यांच्या पोटात काय काय दडवता येतं, हे त्याला तोंडपाठ असतं.

नमुन्यादाखल पुण्यात हिंजवडीच्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीतली रिक्रूटर घेऊ. ती आणि तिचे आकडे कल्पित आहेत. हिशेबाची रीत मात्र या क्षेत्रात रोज चालते तीच. एप्रिल ते मार्च या वर्षात तिच्याकडे ६० पदं आली. त्यांतली ६ कंपनीनंच मध्येच रद्द केली, कारण बजेट आटलं. उरली ५४. या पदांसाठी तिनं वर्षभरात ५८ जणांना ऑफर दिली. ८ जणांनी नकार दिला, ५० जणांनी होकार कळवला. होकार देणाऱ्यांपैकी ९ जण रुजू व्हायच्या दिवशी उगवलेच नाहीत. प्रत्यक्ष कामावर आले ४१.

आता सांगा, हिनं पदं किती भरली?

‘५०’ हे उत्तर सर्रास लिहिलं जातं आणि ते अगदीच खोटंही नाही, कारण पुष्कळ कंपन्यांत उमेदवारानं ऑफर स्वीकारली की पद ‘क्लोज’ धरतात. पण ज्या ९ जागांवर माणूस आलाच नाही त्या पुन्हा उघडाव्या लागल्या आणि त्यांतल्या काहींवर दुसऱ्यांदा होकार मिळवावा लागला. म्हणजे एकच खुर्ची दोनदा मोजली गेली. प्लेसमेंट कन्सल्टन्सीत काम केलेल्या माणसाला ही चूक सहसा होत नाही. तिथं उमेदवार रुजू झाल्यावरच बिल फाडलं जातं आणि तो ठरलेल्या मुदतीआधी, बहुधा तीन महिन्यांत, सोडून गेला तर दुसरा फुकट द्यावा लागतो. त्यामुळे ‘क्लोजर’ म्हणजे जॉइनिंग, हे तिथं अंगवळणी पडलेलं असतं. कंपनीतल्या रिक्रूटरनं रेझ्युमेत सरळ ‘५४ पैकी ४१ पदांवर उमेदवार रुजू’ असं लिहावं. आकडा लहान दिसतो, पण त्याला छेद असतो, आणि वाचणाऱ्याची नजर आधी छेदाकडेच जाते.

पदं कोणती होती, हेही त्याच ओळीत हवं. बीपीओसाठी एका शनिवारच्या वॉक-इनमधून तीस जण घेणं आणि वर्षभर खपून तीन सिक्युरिटी आर्किटेक्ट मिळवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींची बेरीज करून ‘३३ पदं’ लिहिली, तर दोन्ही कामांची माती होते.

दिवसांचा हिशेब याहून निसरडा आहे. एकाच पदाच्या तारखा पाहू. ३ जूनला पद मंजूर झालं. २४ जूनला रिक्रूटरला योग्य उमेदवार सापडला. मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या आणि १५ जुलैला त्यानं ऑफर स्वीकारली. त्याच दिवशी त्यानं जुन्या कंपनीत राजीनामा दिला, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड भरला आणि तो १३ ऑक्टोबरला रुजू झाला.

उमेदवार हाती लागल्यापासून होकारापर्यंत २१ दिवस, हा ‘टाइम टू हायर’. पद मंजूर झाल्यापासून होकारापर्यंत ४२ दिवस, हा ‘टाइम टू फिल’. आणि ज्या टीम लीडरला माणूस हवा होता, त्याच्या दृष्टीनं ती खुर्ची १३२ दिवस रिकामी होती. तिन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो की उमेदवार मिळाल्यावर मुलाखती किती झपाट्यानं उरकल्या. दुसऱ्यात उमेदवार शोधायला लागलेला वेळही येतो, म्हणून रिक्रूटरच्या शोधकौशल्याचा अंदाज त्यावरूनच येतो. तिसऱ्यावर तिचं नियंत्रण थोडंच, कारण नव्वद दिवसांची नोटीस हा आपल्याकडच्या आयटी क्षेत्राचा रिवाज. दोन आठवड्यांची नोटीस देऊन माणूस मोकळा होतो अशा अमेरिकेतल्या टीमला हिंजवडीचा आकडा दाखवताना तर हे उलगडून सांगावंच लागतं. रेझ्युमेत ‘२१ दिवस’ लिहायला हरकत काहीच नाही. फक्त कुठून कुठपर्यंतचे, हे चार शब्दांत लिहिलेलं हवं.

सरासरीचं दुखणं वेगळं. समजा, पाच पदांना १८, २०, २२, २५ आणि ११५ दिवस लागले. सरासरी येते ४०, पण पाचपैकी एकही पद ४० दिवसांच्या आसपास भरलेलं नाही. इथं ओळीनं मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, म्हणजे २२, जास्त प्रामाणिक. त्याच्या जोडीला ‘सर्वांत लांबलेलं पद ११५ दिवस’ असं लिहिलं की चित्र पुरं होतं. शिवाय या हिशेबात फक्त भरलेली पदंच येतात. जी पदं वर्षभर उघडीच राहिली त्यांचे दिवस कुठंच मोजले जात नाहीत. सोपी पदं पटापट उरकून अवघड तशीच लोंबकळत ठेवणाऱ्या रिक्रूटरचा आकडा म्हणूनच सर्वांत देखणा दिसतो. उलट एखादीनं जिद्दीनं आठ महिन्यांपूर्वीचं पद अखेर भरलं, की त्या महिन्याची तिची सरासरी बिघडते. अनुभवी मुलाखतकार म्हणूनच वेग विचारण्याआधी ‘न भरलेली किती होती?’ हे विचारतो.

ऑफर स्वीकारण्याचं प्रमाण हा तर फुगवायला सर्वांत सोपा आकडा. ५८ पैकी ५० होकार म्हणजे ८६ टक्के. पण पगार, पद, रुजू होण्याची तारीख असं सगळं फोनवर पक्कं झाल्याशिवाय ऑफर लेटर पाठवायचंच नाही, असं ठरवलं तर हे प्रमाण शंभराला टेकतं. ज्यांनी फोनवरच नाही म्हटलं, ते हिशेबात येतच नाहीत. ही पद्धत वाईट नाही, उलट चांगली रिक्रूटर असंच करते. मात्र अशा वेळी ‘९८ टक्के’ हा आकडा फारसं काही सांगत नाही.

भारतात खरी कसोटी होकारानंतर सुरू होते. नोटीसचे तीन महिने उमेदवाराच्या हातात एक ऑफर असते आणि ती दाखवून तो दुसरी, मग तिसरी मिळवू शकतो. जुनी कंपनीही पगार वाढवून त्याला थांबवू पाहते. २०२२ साली हा खेळ ऐन रंगात होता. त्या वर्षीच्या एप्रिल-जून तिमाहीत इन्फोसिसनं कर्मचारी सोडून जाण्याचं प्रमाण २८.४ टक्के असल्याचं जाहीर केलं, तर पुढच्या तिमाहीत टीसीएसचा आकडा २१.५ टक्के होता. त्या काळात कित्येक रिक्रूटरांनी ‘सोमवारी नक्की येतो’ म्हणणाऱ्याचा फोन सोमवारी सकाळी बंद असल्याचा अनुभव घेतला. म्हणून आपल्याकडच्या रेझ्युमेत होकाराशेजारी रुजू होण्याचं प्रमाण हवंच: ५० पैकी ४१, म्हणजे ८२ टक्के. दिलेल्या ५८ ऑफरांशी ताडून पाहिलं तर ते ७१ टक्क्यांच्या आसपास येतं. काळ कोणता होता, हेही लिहावं. २०२२ मधले ७१ टक्के आणि बाजार थंडावल्यावरचे ७१ टक्के एकाच मापाचे नव्हेत.

उमेदवार आले कुठून, या रकान्यात बहुतेक जण नुसती नावं ओळीनं लिहितात: नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, रेफरल, कन्सल्टंट. १९९७ मध्ये सुरू झालेलं नोकरी डॉट कॉम आज कोणता रिक्रूटर वापरत नाही? नावांनी काहीच कळत नाही. आपल्या रिक्रूटरच्या वहीत मात्र जास्त बोलकी नोंद आहे. नोकरीच्या डेटाबेसमधून आलेल्या २३ जणांनी ऑफर स्वीकारली, त्यांतले १७ रुजू झाले. कर्मचाऱ्यांच्या ओळखीतून, म्हणजे रेफरलनं आलेल्या १४ पैकी १२ आले. लिंक्डइनवरून ८ पैकी ७, कन्सल्टंटकडून पाचच्या पाच. गळालेल्या ९ पैकी ६ एकट्या नोकरीच्या वाटेनं आलेले, हे इथं लगेच उमगतं. कारणही समजण्यासारखं आहे: ज्यानं आपला रेझ्युमे तिथं नुकताच ताजा केला, त्याला त्याच आठवड्यात आणखी दहा ठिकाणांहून फोन येत असतात. रेफरलच्या उमेदवाराला आत एक ओळखीचा माणूस असतो आणि शब्द मोडायला जरा संकोचही वाटतो.

मात्र ८ पैकी ७ वरून ‘लिंक्डइनचं यश ८८ टक्के’ अशी टक्केवारी ठोकणं म्हणजे हसं करून घेणं. एक उमेदवार इकडचा तिकडे झाला की आकडा बारा-तेरा टक्क्यांनी हलतो. लहान संख्या संख्येतच लिहाव्यात.

याच रकान्यात पैशाची बाजू मांडता येते, आणि ती क्वचितच कुणी मांडतं. कन्सल्टंटची फी बऱ्याचदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार असते. वर्षाला १२ लाखांच्या पदामागे सुमारे एक लाख रुपये. आदल्या वर्षी कन्सल्टंटमार्फत ११ जण घेतले होते आणि या वर्षी ५, तर सहा लाखांच्या आसपास फी वाचली. पण रेफरल देणाऱ्या कर्मचाऱ्यांना बक्षीस दिलं असेल तर ते त्यातून वजा करायला हवं. श्रेयाचा वादही ध्यानात ठेवावा लागतो. उमेदवाराचा अर्ज सहा महिन्यांपूर्वीच कंपनीच्या सिस्टिममध्ये पडलेला आणि नंतर मित्रानं त्याचं नाव सुचवलं, तर तो रेफरल धरायचा की जुना अर्जदार? प्रत्येक कंपनीचा नियम निराळा. मुलाखतीत हा प्रश्न आला तर आपल्याकडे कोणता नियम होता, हे सांगता आलं पाहिजे.

या आकड्यांची पडताळणी कुणी करतं का? जुनी कंपनी सहसा हुद्दा आणि तारखांपलीकडे काही कळवत नाही. तपासणी होते ती मुलाखतीतच, आणि साध्या प्रश्नांनी. एका ऑफरसाठी किती रेझ्युमे मॅनेजरकडे पाठवले? त्यांतले किती त्यानं मुलाखतीला बोलावले? सर्वांत लांबलेलं पद कोणतं आणि ते कुठं अडलं? ज्यानं ते काम खरोखर केलं आहे, तो एकेका टप्प्याचे आकडे अदमासानं का होईना सांगतो. ज्यानं टीमचा आकडा स्वतःच्या नावावर खपवला आहे, तो दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो. पुरावा म्हणून जुन्या कंपनीचा ट्रॅकर काढून दाखवण्याचा मोह मात्र आवरावा. त्यात लोकांची नावं, फोन नंबर, पगार असतात, आणि जो उमेदवारांची माहिती अशी मिरवतो त्याच्या हाती नवी कंपनी आपला डेटा सोपवणार नाही.

हे सगळं पानभर लिहायची गरज नाही. आपल्या रिक्रूटरला चार ओळी पुरतात: ‘५४ पदांपैकी ४१ वर उमेदवार रुजू (बॅकएंड, टेस्टिंग, डेटा, ३ ते ९ वर्षं अनुभव). पद मंजुरी ते होकार: मधला आकडा ४२ दिवस, सर्वांत लांब ११५. ऑफर ५८, होकार ५०, रुजू ४१. रुजू झालेल्यांत नोकरी १७, रेफरल १२, लिंक्डइन ७, कन्सल्टंट ५; कन्सल्टंटमार्फत भरती आदल्या वर्षीच्या ११ वरून ५ वर.’ न भरलेल्या १३ पदांचा खुलासा रेझ्युमेत नको. पण मुलाखतीला जाताना त्यांतलं कोणतं पगाराच्या मर्यादेत अडकलं, कोणत्यासाठी मॅनेजरनं तीनदा अपेक्षा बदलल्या आणि कोणतं खुद्द तिच्याकडून राहून गेलं, याची उत्तरं तिच्याजवळ तयार हवीत. पहिला प्रश्न तिथूनच सुरू होण्याची शक्यता दाट आहे.