ऑर्डर मिळाल्यावरचा पहिला फोन

आज बोलायचंय ते एका फोनबद्दल. ऑर्डर मिळाली, "हो, तुम्हालाच काम दिलं" असं गिऱ्हाईक म्हणालं, त्यानंतर आणि कापडाला कात्री लावण्याआधी करायचा तो फोन. भाव ठरलाय म्हणजे सगळं ठरलं असं वाटतं, पण भावाच्या वेळी बोलणं होतं ते पैशाचं. नेमकं काय बनवायचं, कधी पोचवायचं आणि चांगलं झालं की नाही हे कोण सांगणार, या तीन गोष्टी तशाच राहून जातात.

समजा तुमच्या शिवण गटाला शहरातल्या एका संस्थेची ऑर्डर आली. ३०० कापडी पिशव्या, १० बाय १२ इंच, वर संस्थेचं चिन्ह छापलेलं, २५ जानेवारीच्या कार्यक्रमासाठी. आज आहे २० डिसेंबर.

आधी एक मेसेज टाका, "मॅडम, ऑर्डरबद्दल बोलायला अर्धा तास हवाय, कधी फोन करू?" बाजारात किंवा एसटीत उभं राहून हे बोलणं होत नाही. फोन स्पीकरवर ठेवा आणि दोघी बसा. एकीनं बोलायचं, दुसरीनं वहीत लिहायचं. जी बोलते तिला लिहायला जमत नाही.

पहिला प्रश्न मापाचा विचारू नका, वापराचा विचारा. "मॅडम, पिशवीत काय ठेवणार? कोण वापरणार?" त्या म्हणतील, "एक फाइल, पाण्याची बाटली, एक पुस्तक. पाहुणे दिवसभर खांद्याला लावून फिरतील." आता हिशेब करा. कचेरीतली मोठी फाइल साधारण १० इंच रुंद आणि १४ इंच उंच असते. १० बाय १२ च्या पिशवीत ती जायचीच नाही. मॅडमनी माप अंदाजानं सांगितलेलं असतं, त्यांचं काही चुकलेलं नाही. पण हा प्रश्न विचारला नसता तर तुम्ही सांगितल्याबरहुकूम ३०० पिशव्या शिवल्या असत्या आणि त्या कामाला आल्या नसत्या. मग १३ बाय १६ करावी लागेल. पट्टाही बदलतो: हातात धरायच्या पिशवीला १४-१५ इंच पुरतो, खांद्याला अडकवायची तर २५ इंच तरी हवा.

इथंच आणखी एक बोलून घ्यायचं. १३ बाय १६ ला कापड जवळजवळ पावणेदोन पट लागतं, तेव्हा जुना भाव चालणार नाही. "मॅडम, माप वाढलं, कापड वाढलं, नवा दर उद्या सकाळी कळवते," हे त्याच फोनवर सांगा. नंतर सांगितलं तर भाव वाढवल्यासारखं दिसतं.

बोलताना काही शब्द येतील: "एकदम छान पाहिजे", "क्वालिटी चांगली ठेवा", "ताई, तुम्हीच बघा ना". ऐकायला गोड, पण वहीत लिहायला गेलं तर हाती काही लागत नाही. अशा वेळी लगेच विचारा, "छान म्हणजे कापड जाड हवं, की छपाई ठसठशीत हवी?" कापडाचे दोन तुकडे पाठवते, हात लावून सांगा, म्हणा.

आता तारीख. "२५ तारखेला हव्यात" याचे दोन अर्थ होतात. कार्यक्रम २५ ला, पण पिशव्या भरणार कधी? मॅडम म्हणतील, २४ ला बसून भरू. मग २३ ला हातात हव्यात. तुम्ही २२ धरा. तिथून मागं मोजत या. पार्सलला तीन दिवस, म्हणजे १९ ला निघायला हवं. धागे कापणं, इस्त्री, मोजणी, बांधणी यात १८ तारीख जाते. शिलाई १७ ला संपायला हवी. पाच जणी, घरचं आणि रानातलं बघून प्रत्येकी रोज ८ पिशव्या, म्हणजे दिवसाला ४०. ३०० ला आठ दिवस. पण मध्ये भोगी, संक्रांत, किंक्रांत आहे. १३, १४, १५ ला मशीनवर कोण बसणार? खोटं कशाला बोला. ते तीन दिवस सोडले तर शिलाई ७ जानेवारीला सुरू करावी लागते. छपाई कापलेल्या तुकड्यांवर शिलाईच्या आधी होते. तिला चार दिवस, कापायला दोन, कापड आणायला दोन. मागं मागं येत आपण ३० डिसेंबरला पोचलो. म्हणजे नमुना मंजूर आणि आगाऊ रक्कम दोन्ही २९ डिसेंबरपर्यंत झालं पाहिजे.

हे मोजून झालं की मॅडमना त्यांच्याही तारखा सांगा. आपण फक्त आपली तारीख कबूल करतो आणि अडकतो. "चिन्हाची फाइल उद्या २१ ला मिळाली तर २४ ला छापलेला नमुना पाठवते. तो २७ पर्यंत पोचेल. तुमचं उत्तर २९ ला हवं. उत्तराला जितके दिवस उशीर, तितके दिवस माल पुढं जाईल." पहिल्या फोनवर हे म्हटलं तर ती माहिती असते. जानेवारीत म्हटलं तर ती सबब वाटते.

तिसरी गोष्ट पसंतीची. विचारा, "नमुना कोण पास करणार?" मॅडम एकट्या असतील तर सोपं. पण बऱ्याचदा मॅडमना आवडतं आणि नंतर मोठे साहेब म्हणतात, रंग गडद हवा होता. म्हणून सांगा, "साहेबांना दाखवून मगच कळवा. निरोप मात्र एकाच माणसाकडून येऊ द्या." बदल कधीपर्यंत चालतील तेही सांगून टाका: नमुन्यावर एकदा दुरुस्ती करून देऊ, कापड कापल्यावर माप बदलणार नाही, छापल्यावर रंग बदलणार नाही.

रंग मोबाइलच्या फोटोवर पास करून घेऊ नका. तोच फोटो प्रत्येक फोनवर वेगळा दिसतो. मापासाठी फोटो चालतो, पिशवीवर टेप ठेवून काढलेला. दोन नमुने शिवा, एक त्यांच्याकडे, एक आपल्या कपाटात. पुढं वाद झाला तर तीच पिशवी काढून शेजारी ठेवायची. आणि "छान आहे ताई" ही मंजुरी नव्हे. "या नमुन्याप्रमाणे ३०० बनवा" एवढं लिहून येईपर्यंत कापड आणू नका.

फोन ठेवल्यावर त्याच संध्याकाळी वहीतलं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. लांबलचक नको:

"मॅडम, आज ठरलेलं: ३०० पिशव्या, १३ बाय १६ इंच, खांद्याचा पट्टा २५ इंच, एका रंगात छपाई. चिन्ह २१ डिसेंबरला तुमच्याकडून. नमुना २४ ला आमच्याकडून. मंजुरी आणि आगाऊ रक्कम २९ पर्यंत. माल २२ जानेवारीला पोच. नवा दर उद्या कळवते. काही वेगळं असेल तर उद्यापर्यंत सांगा."

उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा. निळी खूण दिसली म्हणजे वाचलं, मान्य केलं असं नाही. आणि मॅडम एखाद्या तारखेला "बघू, सांगते" म्हणाल्या असतील, तर वहीत त्या जागी तारीख घालू नका. तिथं मोठं प्रश्नचिन्ह काढा, आणि गटाच्या बैठकीत आधी तेच वाचा.